लोहाराचा हातोडा, कुंभाराचं चाक: दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

प्रश्न: मुलगी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. गणित ठीक आहे, पण बुद्धिमत्ता चाचणीत समसंबंध आणि विसंगत शब्द या दोन प्रकारांत तिचं उत्तर एक असतं आणि उत्तरसूचीतलं दुसरंच. मला तर कित्येकदा दोन्ही बरोबर वाटतात. परवाचाच प्रश्न, 'लोहार : हातोडा :: कुंभार : ?' पर्याय माती, मडके, चाक, भट्टी. तिने भट्टी लिहिलं, उत्तर चाक आहे. भट्टी का नाही? हे नेमकं ठरवायचं कसं? (एक पालक, तासगाव)

उत्तर:

ताई, चाक हेच बरोबर. मुलीने भट्टी लिहिलं त्यामागेही विचार आहे, फक्त तो एक पायरी आधी थांबलाय. पुढच्या वेळी असा प्रश्न आला की तिला लगेच पर्यायांकडे बघू देऊ नका. पहिल्या जोडीतले दोन्ही शब्द घेऊन एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. बहुतेक मुलं म्हणतात, "लोहार हातोडा वापरतो." आता लोहाराच्या जागी कुंभार घालून हेच वाक्य पर्यायांना लावून बघा. कुंभार माती वापरतो, चाक वापरतो, भट्टीही वापरतो. चारांतले तीन पर्याय पास झाले, म्हणजे वाक्य सैल आहे. चूक पर्याय निवडण्यात नसते, ती या सैल वाक्यात असते.

मग वाक्य थोडं आवळायचं. हातोडा लोहाराचं अवजार आहे, तो तयार होणाऱ्या विळ्यात जात नाही. माती मात्र मडक्यात जाते, म्हणून माती गळली. उरले चाक आणि भट्टी. अजून एक प्रश्न विचारायचा: हातोडा नेमकं करतो काय? तापलेल्या लोखंडाला आकार देतो. मातीला आकार कशावर मिळतो? चाकावर. भट्टीत जातं ते आकार मिळालेलं, वाळलेलं मडकं. भट्टी त्याला पक्कं करते, घडवत नाही. आता एकच पर्याय उरला, इथे थांबायचं.

थांबायचं हेही सांगावं लागतं, कारण हुशार मुलं वाक्य आवळत आवळत इतकं आवळतात की एकही पर्याय बसत नाही. "लोहार हातोड्याने ठोकून आकार देतो" असं केलं तर चाकही बाद होतं, कारण चाकावर कोणी ठोकत नाही. गंमत अशी की कुंभारसुद्धा ओलं मडकं लाकडी फळीने थापून मोठं करतो. ती फळी पर्यायांत असती, तर चाकापेक्षा तिचंच उत्तर जास्त नेमकं ठरलं असतं. पण ती नाहीये. वाक्य किती आवळायचं हे समोरचे चार पर्यायच ठरवतात. एक उरला की हात आखडायचा.

हे मुलीच्या डोक्यात बसवायला माझ्या वर्गात मी एक साधी गोष्ट करतो. चारही पर्याय तेच ठेवतो, कुंभारही तोच, आणि फक्त पहिल्या जोडीतला दुसरा शब्द बदलतो. 'लोहार : लोखंड' दिलं तर उत्तर माती. 'लोहार : विळा' दिलं तर मडके. 'लोहार : भाता' दिलं तर तुमच्या मुलीचं भट्टी बरोबर, कारण भाता विस्तव फुलवायला असतो आणि कुंभाराच्या कामातली विस्तवाची जागा म्हणजे भट्टी. 'लोहार : हातोडा' दिलं की चाक. एकाच कुंभाराची चार उत्तरं. एका बैठकीत ही चारही करून घ्या. मुलं कुंभाराबद्दल आपल्याला काय माहीत आहे ते आठवत बसतात, आणि उत्तर तर डावीकडच्या जोडीत लपलेलं असतं.

तुमच्याकडचंच उदाहरण घेऊ. 'ओली हळद : हळकुंड :: द्राक्ष : ?' पर्याय वेल, रस, वाइन, बेदाणा. तासगावचं पोर डोळे मिटून बेदाणा म्हणेल आणि गुण मिळवेल. पण ते बेदाणा का म्हणालं हे विचारा. "आमच्याकडे बेदाणाच करतात" हे कारण दिलं तर गुण मिळूनही प्रश्न कळलेला नाही. कारण 'हळदीपासून हळकुंड बनतं' एवढंच वाक्य घेतलं तर द्राक्षापासून रसही बनतो, वाइनही बनते. नेमकं वाक्य असं: ओली हळद शिजवून वाळवली की हळकुंड होतं, माल तोच राहतो आणि पाणी तेवढं जातं. शेडमध्ये जाळीच्या रॅकवर द्राक्ष वाळतं तेव्हा तेच होतं. एखादं चौकस पोर म्हणेल, "सर, हळद शिजवतात, द्राक्ष कुठे शिजवतात?" खरं आहे. समसंबंधात दोन जोड्या तंतोतंत सारख्या कधीच नसतात. इतर तीन पर्यायांपेक्षा जवळ कोण, एवढंच बघायचं असतं.

आता तेच पर्याय ठेवून पहिली जोडी 'ऊस : गूळ' करा. गुळासाठी ऊस वाळवत नाहीत. आधी रस काढतात, मग त्या रसावर पुढची प्रक्रिया होते. या वाक्यात बेदाणा बसत नाही, कारण त्यात रस काढणं नाहीच. रस हा पर्याय अर्ध्या वाटेवरचा आहे, उसाच्या बाबतीतही तो मधेच येतो. बसते ती वाइन: द्राक्ष पिळून निघालेला रस आंबवून केलेली. पाचवीच्या पेपरात वाइन कोणी देणार नाही हे मलाही कळतं, पण घरी समजावायला ही जोडी फार उपयोगी आहे. गावातली ओळखीची गोष्ट पर्यायांत दिसली की हात तिकडे जातो, आणि प्रश्न काढणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

आतापर्यंतची उदाहरणं कार्याची, म्हणजे कोण कशाने काय करतं किंवा कशाचं काय होतं याची झाली. मुलं खरी अडतात ती तीव्रतेच्या प्रश्नांत. हे जरा सावकाश घेऊ.

'कोमट : कढत :: ओलसर : ?' पर्याय दमट, कोरडे, चिंब, पाणी.

इथे चारही पर्याय मुद्दाम निवडलेले असतात. पाणी दिलंय कारण ओलसर म्हटलं की पाणी आठवतं. नातं न शोधता नुसती आठवण काढणारं पोर तिथे जातं. कोरडे दिलंय कारण मुलांना विरुद्धार्थी शब्दांची सवय झालेली असते. दोन शब्द दिसले की ते विरुद्धच असणार असं त्यांना वाटतं. पण कोमट आणि कढत विरुद्ध नाहीत. दोन्हीत ऊब आहे, एकात थोडी आणि एकात फार. दमट दिलंय कारण तो ओलसरच्या अगदी शेजारचा शब्द आहे. समानार्थी शोधणारं पोर तिथे अडकतं. आणि चिंब म्हणजे ओलेपणाच जास्त, अगदी टोकाला. थोड्याकडून फारकडे जायचं आहे, म्हणून चिंब.

तीव्रतेचा प्रश्न आहे हे ओळखायची माझी एक चाचणी आहे. दोन शब्द "नुसतं अमुक नाही, तमुक" अशा वाक्यात घालून बघायचे. "नुसतं कोमट नाही, कढत आहे." कानाला बरोबर लागतं. "नुसता ओलसर नाही, चिंब भिजलाय." हेही लागतं. "नुसता वारा नाही, वादळ होतं." लागतं. आता 'कैरी : आंबा' घेऊन बघा. "नुसती कैरी नाही, आंबा आहे" असं कोणी बोलत नाही. तिथे तीव्रता नाही, काळ आहे. कैरीचा पुढे आंबा होतो. 'रोप : झाड', 'पिल्लू : कोंबडी' या जोड्याही तशाच. सराव पुस्तकांत बऱ्याचदा या दोन्ही प्रकारांना एकाच मथळ्याखाली घातलेलं असतं, आणि मुलं मग रोपाला झाडाचा कमी प्रकार समजतात.

तरी या चाचणीलाही एक फट आहे. 'वारा : वादळ :: पाऊस : ?' पर्याय ढग, रिमझिम, पूर, ढगफुटी. "नुसता पाऊस नाही, पूर आला" हे कानाला खटकत नाही, आणि सांगलीची निम्मी मुलं पूर लिहितात. 2019 चा पूर घरातल्यांकडून ऐकलेला असतो, काहींच्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून असते. इथे विचारायचं की दुसरा शब्द पहिल्याचाच जोरकस प्रकार आहे, की त्याच्यामुळे घडलेली वेगळी गोष्ट आहे? वादळ हा वाराच आहे. पूर हा पाऊस नाही, ते नदीचं पात्राबाहेर आलेलं पाणी आहे. सांगलीकराला हे पटवायला वेळ लागत नाही: वर कोयनेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात पाऊस पडतो आणि आयर्विन पुलाखाली पाणी चढतं, त्या दिवशी सांगलीत थेंब पडला नसला तरीही. म्हणजे पूर हा परिणाम झाला. ढगफुटी हा मात्र पाऊसच, अत्यंत जोराचा. रिमझिमही पाऊसच आहे, पण ती उलट्या बाजूला आहे. वाऱ्याकडून वादळाकडे जाताना जोर वाढतो, पावसाकडून रिमझिमीकडे जाताना कमी होतो. तीव्रतेच्या प्रश्नात आधी दिशा बघायची, मग किती पायऱ्या चढलो ते. दिशा उलटी घेण्याची चूक सगळ्यांत जास्त होते, कारण घाईत मुलं जोडी उजवीकडून डावीकडे वाचतात.

आता विसंगत शब्द. इथे नियम तसा एकच, पण तो नीट पाळायचा. वेगळा शब्द शोधायचाच नाही. उरलेल्या तिघांना एकत्र बांधणारी गोष्ट शोधायची आणि ती 'आहे' असं म्हणून सांगता आली पाहिजे, 'नाही' म्हणून नाही.

मिरजेचीच वाद्यं घेऊ: सतार, तंबोरा, सारंगी, बासरी. उत्तर बासरी, बाकी तिन्ही तंतुवाद्यं. पण एकदा एका मुलाने सारंगी लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाला, "सारंगी गजाने वाजवतात, बाकीची नाही." माहिती शंभर टक्के खरी. पण उरलेल्या तिघांचं आडनाव काय? सतार आणि तंबोरा तारा छेडून वाजतात, बासरी फुंकून वाजते. 'गजाने वाजत नाही' हे काही आडनाव झालं नाही. गजाने तर ताटलीही वाजवत नाहीत. तिघांना मिळून एक होकारी वाक्य लावता येत नसेल, तर तो निकष तिथेच सोडायचा.

याच यादीत बासरी काढून व्हायोलिन घातलं तर काय होतं बघा. सतार, तंबोरा, सारंगी, व्हायोलिन. सगळी तंतुवाद्यं, म्हणजे तो निकष संपला. वाजवण्याची रीत घेतली तर दोन छेडून आणि दोन गजाने. दोन-दोन अशी वाटणी झाली की समजायचं, हा निकष प्रश्न काढणाऱ्याच्या मनात नव्हता. पुढचा शोधायचा. इथे बहुधा भारतीय आणि पाश्चात्य असा निकष निघतो आणि उत्तर व्हायोलिन येतं. मला असा प्रश्न फारसा आवडत नाही, त्यात विचारापेक्षा माहिती जास्त लागते, पण पेपरात येतो खरा.

दोन-दोनची ही खूण तीव्रतेच्या विसंगत शब्दांत फार कामाला येते. झुळूक, रिमझिम, स्मित, आक्रोश. हा प्रश्न मी दर वर्षी देतो. मुलं पटकन म्हणतात, झुळूक आणि रिमझिम निसर्गातल्या, स्मित आणि आक्रोश माणसाच्या. झाली की दोन-दोन वाटणी. अडकलेली मुलं मग काहीतरी ठोकून देतात. पण वाटणी दोन-दोन झाली म्हणजे शब्दांचा विषय हा निकष नाही, हेच कळलं. विषय सोडून द्यायचा आणि प्रत्येक शब्दाला विचारायचं, तू कशाचा केवढा? झुळूक हा हलका वारा. रिमझिम हा हलका पाऊस. स्मित हे हलकं हसू. आक्रोश हे मोठ्याने, जिवाच्या आकांताने रडणं. तीन हलके, एक जोराचा. मुलीला सांगा, आक्रोशाच्या जागी हुंदका घातला तर प्रश्नच मोडतो, कारण मग चौथाही हलका होतो. हे तिला स्वतःहून सुचलं तर समजा हा प्रकार तिचा झाला.

आता तुमच्या "दोन्ही बरोबर वाटतात" कडे येतो, कारण कधी कधी दोन्ही खरंच बरोबर असतात. साताऱ्याकडच्या एका सराव पेपरात हा प्रश्न पाहिला होता: कोयना, वेण्णा, उरमोडी, माणगंगा. उत्तर माणगंगा छापलेलं. कारण बाकी तिन्ही नद्या थेट कृष्णेला मिळतात, वेण्णा माहुलीला, कोयना कराडला, आणि माणगंगा मात्र भीमेला. तिघींचं वाक्य होकारी आहे, उत्तम. पण भूगोल नीट शिकलेला मुलगा कोयना लिहील. कोयना महाबळेश्वराकडून निघून बराच मोठा पल्ला उत्तर-दक्षिण वाहते आणि मगच पूर्वेला वळते. बाकी तिन्ही साधारण पूर्वेकडे, आग्नेयेकडे उतरतात. हेही होकारी वाक्य आहे. दोन्ही निकष तिघींना लागतात, दोन्ही खरे आहेत. वर भीमा स्वतः पुढे कर्नाटक-तेलंगणाच्या हद्दीजवळ कृष्णेलाच मिळते, त्यामुळे 'थेट' हा शब्द काढला तर माणगंगाही कृष्णेच्याच खोऱ्यातली.

अशा ठिकाणी परीक्षेत काय करायचं? निकषांमध्ये मी असा क्रम धरतो: आधी ती वस्तू कोणत्या प्रकारची आहे, मग ती काय काम करते किंवा कशाशी जोडलेली आहे, आणि रंग, दिशा, आकार, ठिकाण या वरवरच्या गोष्टी सगळ्यांत शेवटी. प्रश्न काढणारेही साधारण याच क्रमाने विचार करतात. त्यामुळे उपनदी कोणाची हा निकष दिशेच्या आधी येतो आणि माणगंगा लिहिणं शहाणपणाचं. पण हा अंदाज आहे. प्रश्न सदोष आहे ही गोष्ट त्याने बदलत नाही, आणि मुलीला 'तू चुकलीस' म्हणू नका. तिच्या वहीत त्या प्रश्नापुढे तिचं वाक्य लिहायला लावा. तिचं वाक्य तिघांना होकारी लागत असेल तर प्रश्नाचा दोष, लागत नसेल तर तिचा. आठवडाभर हे केलंत तर तिच्या बहुतेक चुका कुठल्या प्रकारच्या आहेत हे तुम्हालाच दिसेल. माझ्या अनुभवात पाचवीच्या मुलांच्या चुका बहुतांशी सैल वाक्याच्या आणि 'नाही' लावून काढलेल्या निकषाच्या असतात, माहितीच्या कमी.

वेळेचं गणितही लक्षात असू द्या. दुसऱ्या पेपरात 75 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. मी वर जेवढं लिहिलं तेवढं परीक्षेत मनात म्हणायला वेळ नसतो. म्हणून घरी सावकाश आणि मोठ्याने करायचं, दिवसाला पाच-सात प्रश्नच, पण प्रत्येकाचं वाक्य तोंडाने म्हणून. पन्नास प्रश्न सोडवून उत्तरसूची जुळवण्याला मी सराव म्हणत नाही. आणि आठवड्यातून एकदा तिलाच प्रश्न काढायला सांगा, तीन चुकीच्या पर्यायांसह. चुकीचा पर्याय का चुकीचा आहे हे सांगता आलं पाहिजे, अशी अट घाला. पहिले काही प्रश्न ती अगदी सोपे काढेल, मग हळूहळू तुम्हालाच अडकवायला बघेल.

खऱ्या परीक्षेनंतर परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर आक्षेप घेता येतो. एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरं खरोखर लागू पडत असतील, तर आक्षेपात 'दोन्ही बरोबर आहेत' एवढंच लिहून भागत नाही. दोन्ही निकषांची होकारी वाक्यं आणि पाठ्यपुस्तकातला आधार लिहा. त्यानंतर अंतिम सूची येते.

आणि नवोदयचा फॉर्मही भरला असेल तर तिकडच्या बुद्धिमत्ता विभागात हे शब्दांचे प्रश्न नसतात, सगळ्या आकृत्या असतात. समसंबंध आणि विसंगत तिथेही आहेत, पण आकृत्यांमध्ये 'केवढा' आणि 'कशासाठी' हे प्रश्न उपयोगी पडत नाहीत. त्याचा सराव वेगळ्या वहीत करून घ्या.